‘कोणी’ आहे का?

मराठी क्रियापद चुगलखोर आहे. ‘काल सिनेमाला कोणाबरोबर गेला होतास?’ असं कुणी विचारलं की ‘आला होता’ किंवा ‘आली होती’ यांपैकी एक निवडावंच लागतं. ज्याला आपला जोडीदार पुरुष आहे की बाई हे सांगायचं नसतं, तो मग नकळत भविष्यकाळात बोलायला शिकतो, कारण ‘येणार आहे’, ‘येईल’ यातून काही कळत नाही. नाहीतर ‘आम्ही गेलो होतो’ म्हणून तो ‘आम्ही’च्या आड लपतो. अशा तऱ्हेने वर्षानुवर्षं बोलणारी माणसं आपल्या ओळखीत असतात आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

त्याच मराठीत एक मोठी सोयही आहे. ‘गर्लफ्रेंड आहे का?’ किंवा ‘मुली बघतोयस का?’ असं विचारलं की समोरच्याचं उत्तर आपणच अर्धं लिहून टाकलेलं असतं. त्याला खोटं बोलावं लागतं, नाहीतर एका दमात सगळं सांगावं लागतं. ‘तुझं कोणी आहे का?’ या प्रश्नात मात्र बाई नाही आणि पुरुषही नाही. ‘कोणी भेटलं का?’ हे तर सरळ नपुंसकलिंगी. विचारणाऱ्याने काही गृहीत धरलेलं नाही, एवढं ऐकणाऱ्याला पुरतं.

आता खरा अवघड प्रसंग घेऊ. पुण्यातले दोघं दर रविवारी एका गटाबरोबर गडावर जातात. त्यांना निखिल आणि अमोल म्हणू. निखिल समलिंगी आहे, पण घरी आणि गटात कुणाला माहीत नाही. त्याला अमोल आवडू लागला आहे. अमोलचं काय, ते त्याला ठाऊक नाही.

निखिल पहिल्यांदा खुणा शोधतो. अमोल चौतीस वर्षांचा आणि अविवाहित आहे, कपड्यांचा नीटनेटका आहे, गप्पा मारताना खांद्यावर हात टाकतो. यातली एकही खूण उपयोगाची नाही. आपल्याकडे मित्र-मित्र हातात हात घालून रस्त्याने चालतात, एका अंथरुणावर झोपतात, त्याला काही अर्थ नसतो. आणि लग्न झालं नाही यामागे पत्रिकेपासून घराच्या हप्त्यांपर्यंत वाट्टेल ते कारण असू शकतं.

मग तो विषय काढून बघतो. ‘अलीगढ’ सिनेमा पाहिलास का, असं विचारतो. तो सिनेमा डॉ. श्रीनिवास सिरस यांच्यावर आहे. ते अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवत आणि कविताही लिहीत. फेब्रुवारी २०१०मध्ये काही माणसांनी रात्री त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. हे ऐकून अमोल हळहळला, तर तो समलिंगी आहे असं सिद्ध होत नाही. तो फक्त भला माणूस आहे. आणि त्याने टिंगल केली, तर तो समलिंगी नाही असंही सिद्ध होत नाही. लपून राहणारा माणूस कित्येकदा सगळ्यांत मोठ्याने हसतो, कारण न हसणं त्याला धोक्याचं वाटतं. अशा चाचपणीतून निखिलला एवढंच कळेल की अमोलशी याबद्दल बोलणं सुरक्षित आहे की नाही. तेवढं कळलं तरी पुष्कळ.

यानंतरची वाट मला एकच दिसते: अमोलबद्दल विचारायचं नाही, स्वतःबद्दल सांगायचं. ‘तू गे आहेस का?’ हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी ती झडतीच. ‘मी गे आहे. तुला सांगावंसं वाटलं. घरी आणि ग्रुपमध्ये माहीत नाही, तुझ्यापाशीच ठेव,’ हे सांगणं झालं. त्याला उत्तराची सक्ती नाही. जागा मात्र बघून निवडावी. गडाच्या अर्ध्या वाटेवर नको, मोटारसायकलवर मागे बसवून तर नकोच. समोरच्याला उठून जाता आलं पाहिजे. उतरल्यावरची चहाची टपरी बरी. मेसेजवरही नको. तिथे विचार करायला वेळ मिळतो हे खरं, पण स्क्रीनशॉट निखिलच्या हातात राहत नाही.

आणि आवडतोस हे त्याच दिवशी सांगू नये. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एकत्र आली की पहिल्याचा विश्वास दुसऱ्याचं आमिष वाटू लागतो. दोन-चार रविवार जाऊ द्यावेत. नंतरही मन तसंच असेल तर एकदाच आणि साध्या शब्दांत बोलावं: ‘मला तू मित्रापेक्षा जास्त आवडतोस. तुझं तसं नसेल तर रविवारचा ट्रेक आहे तसाच राहील.’ हे शेवटचं वाक्य पाळता येणार नसेल तर पहिलं बोलू नये. अमोल गप्प बसला किंवा विषय बदलला, तर ते ‘नाही’ समजावं. पुन्हा विचारू नये, आणि ‘तो बहुतेक आहेच, कबूल करत नाही’ अशी कुजबुज तर कुठेच करू नये. निखिल त्याचा वरिष्ठ असता, तर मी त्याला हे दुसरं वाक्य बोलूच नकोस असं सांगितलं असतं. हाताखालच्या माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

समजा अमोल म्हणाला, ‘माझंही तसंच आहे, पण कुणाला कळता कामा नये.’ इथे बहुतेक जण मान डोलावतात आणि तपशील राहून जातात. गुपित फुटतं ते नेमकं तिथे. फोनच्या बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसतो, तो बंद करायला हवा. फोटोत कुणी टॅग करायचं नाही. पैसे पाठवताना शेऱ्यात गमतीने काही लिहायचं नाही. आईने फोन उचलला तर काय नाव सांगायचं? दोघांपैकी कुणाच्या एखाद्या मित्राला आधीच माहीत आहे का? हे विचारताना ओशाळायला होतं, पण अर्ध्या तासाचं काम आहे. डेटिंग ॲपवर ओळख झाली असेल तर आपण किती अंतरावर आहोत ते दाखवणारी सोय बंद करावी आणि पहिली भेट घरी न ठेवता हॉटेलात किंवा बागेत ठेवावी. घरी बोलावून चित्रण करायचं आणि पैसे उकळायचे, असे प्रकार घडतात. कुणी तशी धमकी दिली तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढत जाते. मेसेज जपून ठेवावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८नुसार ही खंडणी आहे. दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध मात्र ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापासून गुन्हा नाहीत. लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी सांगितलं होतं. पोलिसांकडे एकट्याने जायला धीर होत नसेल तर मुंबईत हमसफर ट्रस्टकडे आधी बोलता येतं.

एका ठिकाणी मात्र मी गुप्ततेच्या बाजूने नाही. अमोलच्या घरी कांदेपोहे चालू असतील आणि तो ‘लग्न करून टाकतो, आपलं चालू ठेवू’ म्हणत असेल, तर ते गुपित त्याचं एकट्याचं उरत नाही. समोर बसलेल्या मुलीच्या आयुष्याचा तो सौदा आहे आणि तिला त्याची खबर नाही. निखिलने गावभर सांगावं असं मी म्हणत नाही. अमोलला तोंडावर नाही म्हणावं आणि बाजूला व्हावं.

आपल्यापैकी बहुतेकांवर निखिलची वेळ येणार नाही. आपली वेळ येते ती लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या पस्तिशीच्या भाच्याला काहीतरी विचारायचं म्हणून. तेव्हा ‘मुलगी बघू का?’ऐवजी ‘तुझं कोणी आहे का?’ एवढं विचारून बघा. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर मठ्ठा मागवा.