निकट, सक्रिय आणि सुप्त : आपल्या माणसांची एक मोजदाद

आपल्या मोबाइलमध्ये किती जणांची नावे साठलेली आहेत, हे एकदा पाहावे. चारशे, सहाशे, क्वचित हजारही असतील. त्यानंतर, गेल्या आठवड्यात आपण त्यांपैकी किती जणांशी मन मोकळे करून बोललो, हे आठवावे. बहुतेकांना हा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. या दोन संख्यांमधील अंतर हा कोणाचा दोष नव्हे. ती माणसाच्या क्षमतेची मर्यादा आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकापासून या मर्यादेचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार एक व्यक्ती साधारणतः १५० माणसांशी खरेखुरे संबंध राखू शकते. त्यांतील सर्वांत आतल्या वर्तुळात सुमारे ५, त्याबाहेरील वर्तुळापर्यंत एकूण १५ आणि पुढे ५० माणसे असतात. नेमक्या आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु आतले वर्तुळ लहान असते आणि आपला बराचसा वेळ त्याला लागतो, हे आपल्या अनुभवाशीही जुळते.

अडचण अशी की, आपला वेळ या वर्तुळांप्रमाणे वाटला जात नाही. जो फोन वाजतो तो आपण उचलतो. जो वाजत नाही त्या माणसाचा विचार ‘सवडीने’ या शब्दाखाली दडून राहतो. म्हणून माणसांची तीन गटांत विभागणी करून पाहणे उपयुक्त ठरते. ही माणसांची प्रतवारी नव्हे. कोणत्या नात्याला आज कशाची गरज आहे, याची ती नोंद आहे.

तीन गट कसे ओळखावेत?

‘निकट’ म्हणजे ज्यांना मध्यरात्री संकटात संकोच न करता फोन करता येईल आणि जे आपल्यालाही तसाच करतील, अशी माणसे. ‘सक्रिय’ म्हणजे ज्यांच्याशी गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष दुतर्फा संवाद झाला आहे आणि पुढेही व्हावा असे वाटते, ती माणसे. ‘सुप्त’ म्हणजे एकेकाळी खरी जवळीक होती, भांडण कधीच झाले नाही, पण तीन किंवा अधिक वर्षांत बोलणे झालेले नाही, अशी माणसे. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान रेंगाळलेली नाती सक्रिय गटातच ठेवावीत आणि त्यांच्यापुढे एक खूण करावी. त्यांना प्रथम हाक द्यायची आहे. उरलेल्या नुसत्या ओळखी कोणत्याच गटात घालू नयेत.

येथे एक पथ्य पाळावे. सणाला पाठवलेला चित्रसंदेश, सकाळचा सुविचार किंवा कौटुंबिक ग्रुपवरील अंगठ्याची खूण यांना संवाद समजू नये. जो संदेश नाव बदलून कोणालाही पाठवता आला असता, तो कोणालाच पाठवलेला नसतो.

एका गृहिणी-शिक्षिकेची वही

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ५२ वर्षांच्या बाई आहेत. घरी स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई आहेत. शाळा, स्वयंपाक आणि शुश्रूषा यांतून घराबाहेरच्या माणसांसाठी त्यांना आठवड्याला जेमतेम पाच तास, म्हणजे ३०० मिनिटे मिळतात.

त्यांच्या फोनमध्ये ६१२ नोंदी निघाल्या. त्यांतून गॅस एजन्सी, वायरमन, दूधवाले, दवाखाने, शाळेचे कार्यालय आणि दोनदा साठवलेले क्रमांक अशा २६० नोंदी वगळल्या. उरलेल्या ३५२ पैकी २९५ जण पालक, जुने विद्यार्थी, लग्नात भेटलेले नातलग असे केवळ ओळखीचे ठरले. राहिले ५७. ही यादी त्यांनी मोबाइलमध्ये न करता एका वहीत केली, आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहिली : शेवटचे खरे बोलणे केव्हा झाले?

पहिल्या फेरीत त्यांनी १३ नावे निकट गटात लिहिली. असे जवळजवळ सर्वांचेच होते. कारण आपण मायेने लिहितो, अनुभवाने नव्हे. मग त्यांनी स्वतःला एक कठोर प्रश्न विचारला : गेल्या सहा महिन्यांत मी यांपैकी कोणाला एखादी अवघड, लाजिरवाणी किंवा दुःखाची गोष्ट सांगितली? तेव्हा पाच नावे उरली : थोरली बहीण, वहिनी, शेजारच्या काकू, शाळेतील एक सहकारी आणि महाविद्यालयातील एक मैत्रीण. बाकीची आठ सक्रिय गटात गेली. अखेर निकट ५, सक्रिय ३० आणि सुप्त २२ अशी मांडणी झाली.

यानंतर त्यांनी फोनमधील गेल्या चार आठवड्यांच्या कॉलची नोंद पाहिली, संदेशांचा अंदाज धरला आणि आठवड्याची सरासरी काढली. दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या रात्रीच्या वेळापत्रकविषयक तक्रारींना ११० मिनिटे गेली होती. सोसायटीच्या ग्रुपला ७०. इतर सर्वांना मिळून ७५. पाचही निकटच्या माणसांना मिळून ४५. मैत्रिणीच्या वाट्याला एकही मिनिट नव्हते.

वेळेची वाटणी

डनबार यांच्या निरीक्षणानुसार माणसाच्या सामाजिक वेळेतील सुमारे ४० टक्के भाग आतल्या पाच जणांना आणि आणखी २० टक्के भाग पुढच्या दहा जणांना मिळतो. याला नियम न मानता मोजपट्टी मानावे. बाईंच्या ३०० मिनिटांपैकी १२० मिनिटे निकट गटाची झाली, म्हणजे प्रत्येकी २४. सक्रिय गटातील ज्या दहा जणांना प्राधान्य द्यायचे, त्यांना मिळून ६० मिनिटे. दर आठवड्याला सहा-सहा मिनिटे देण्यापेक्षा महिन्यातून एकदा २४ मिनिटांचा सलग फोन बरा. उरलेली १२० मिनिटे अन्य सक्रिय माणसे, सोसायटी आणि एक सुप्त नाते यांच्यासाठी.

ही मिनिटे आणायची कोठून? बाईंनी तक्रार करणाऱ्या सहकाऱ्याशी संबंध तोडला नाही. ‘उद्या मधल्या सुट्टीत निवांत बोलू’ असे सांगून ते बोलणे रात्रीवरून दिवसावर आणले. मधल्या सुट्टीला घंटेची मर्यादा असल्याने ११० मिनिटांची ३० झाली. सोसायटीचा ग्रुप दिवसातून एकदाच उघडायचे ठरवून तेथील ५० मिनिटे वाचली. बहिणीचा फोन सायंकाळच्या फेरफटक्याशी जोडला. शेजारच्या काकूंसोबत भाजी निवडणे हा तर वेगळा वेळ न लागणारा संवाद ठरला.

वाटणी करताना एक फरक ध्यानात ठेवावा. सॅम रॉबर्ट्स आणि डनबार यांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या तरुणांचा १८ महिने मागोवा घेतला. संपर्क घटला की मैत्रीतील जवळीक लवकर ओसरते, रक्ताचे नाते मात्र तेवढा खंड बरेचसे सोसते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वागणूक नेमकी उलट असते. आत्या-मामांकडील प्रत्येक वास्तुशांतीला आपण हजर असतो आणि मैत्रिणीला ‘ती समजून घेईल’ म्हणून पुढे ढकलतो. नातलगांना सणावारी आणि सुखदुःखात आवर्जून भेटावे. मैत्रीला मात्र ठरलेली लय द्यावी. बाईंनी मैत्रिणीसाठी रविवारची दुपार पक्की केली.

सुप्त नात्यांना कसे जागवावे?

सुप्त गटावर दर आठवड्याला वेळ खर्च करायचा नसतो. हाच त्याचा गुण. बी कोरडे राहूनही जिवंत असते, तसे हे नाते असते. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अधिकाऱ्यांना त्यांच्या जुन्या, संपर्क तुटलेल्या परिचितांकडे कामाविषयी सल्ला मागायला सांगितले होते. तो सल्ला नेहमीच्या माणसांच्या सल्ल्याइतकाच किंवा अधिक उपयोगी ठरला. कारण सरळ आहे : मधल्या वर्षांत त्या व्यक्तीने वेगळे जग पाहिलेले असते, आणि जुना विश्वास मात्र शिल्लक असतो.

पंधरवड्यातून एकच नाव निवडावे. संदेशात एक नेमकी आठवण असावी, आपली एका ओळीची खुशाली असावी आणि उत्तराची सक्ती नसावी. बाईंनी बी.एड.च्या काळातील एका मैत्रिणीला लिहिले : ‘आज शाळेत फळ्यावर नकाशा काढताना तुझी आठवण झाली. तू कोकण नेहमी फार रुंद काढायचीस. सासूबाई आजारी असतात, बाकी बरे आहे. सवड झाली की तुझेही कळव.’ इतक्या वर्षांच्या मौनाबद्दल लांबलचक क्षमायाचना करू नये. तिच्यामुळे समोरच्यावर समजूत घालण्याचे ओझे पडते. उत्तर आले नाही तर त्या वर्षी पुन्हा विचारू नये, नाव मात्र यादीत राहू द्यावे. अपमान, छळ किंवा पैशांची फसवणूक यांमुळे तुटलेली नाती सुप्त नसतात. ती जागवण्याचा आग्रह स्वतःला करू नये.

यादी कोठे चुकते?

निकट गटातील शेवटचे सहा फोन कोणी केले, ते पाहावे. सहाही आपणच केले असतील, तर त्या नात्यात आपण आधार देत आहोत, घेत नाही. तसे असण्यात गैर काही नाही. पण संकटात त्या नावावर विसंबू नये. निकटची सर्व माणसे एकाच कार्यालयातील असतील, तर बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी ते वर्तुळ एकदम विरळ होईल. म्हणून यादी वर्षातून दोनदा पाहावी. गुढीपाडवा आणि दसरा हे त्यासाठी लक्षात राहणारे दिवस आहेत. वही मात्र घरात कोणाच्या नजरेस पडेल अशी ठेवू नये.

सर्वांत गंभीर चूक वेगळीच आहे. निकट गटातील एखादे माणूस अचानक बोलेनासे झाले, फोन उचलेनासे झाले, तर ‘दसऱ्याला त्याचे नाव सक्रियमध्ये हलवू’ असे म्हणू नये. वर्षानुवर्षे हळूहळू आलेले मौन आणि महिन्याभरात आलेले मौन यांत फार मोठा फरक असतो. दुसऱ्या प्रकारामागे नैराश्य, व्यसन, घरातील छळ, कर्ज किंवा लपवलेले आजारपण असू शकते. बाईंच्या वहीत वहिनींच्या नावापुढे सलग तीन आठवडे ‘फोन उचलला नाही’ अशी नोंद झाली, तेव्हा त्यांनी चौथा फोन न करता शनिवारी दुपारी सरळ त्यांचे घर गाठले. वहिनींना निदान होऊन दोन आठवडे झाले होते आणि कोणाला सांगावे, हे त्यांना सुचत नव्हते. पुढच्या तपासणीला दोघी बरोबर गेल्या. ते तास सोसायटीच्या ग्रुपमधून वाचलेल्या मिनिटांत बसणारे नव्हते. त्यासाठी बाईंनी रजा टाकली.