फुकट डबा, पण अट काय?

नव्या सोसायटीत डबेवाल्या काकूंचा निरोप फिरतो : ‘३ दिवस डबा मोफत!’ वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, चौथ्या दिवशी काय? याचं उत्तर निरोपात नसेल, तर फुकट जेवणही नकोसं वाटतं. निरोप असा हवा :

‘सोमवार ते बुधवार दुपारचा डबा : ३ पोळ्या, भाजी, आमटी, भात. पैसे नाहीत, अनामत नाही. बुधवारनंतर डबा आपोआप बंद. पुढे हवा असेल तरच कळवा. महिन्याचे २६ डबे, २,६०० रुपये. रिकामा डबा गुरुवारी आम्हीच नेऊ.’

यातलं ‘आपोआप बंद’ सगळ्यात मोलाचं. गिऱ्हाईक गप्प राहिलं तर त्याचा अर्थ नकार. ‘नको असल्यास कळवा’ लिहिलं, की विसरणाऱ्याच्या माथी बिल येतं आणि भांडण जुंपतं. रिकाम्या डब्याचंही तेच. तो कोण परत करणार हे आधी सांगितलं नाही, तर स्टीलच्या डब्यापायी माणूस उगाच मिंधा होतो.

ॲपवाल्यांची तऱ्हा याहून वाईट. मोफत महिन्यासाठी आधी कार्ड मागायचं, मग गुपचूप पैसे कापायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत हा प्रकार घातला आहे. मोफत सेवेसाठी पैशांचे तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी सक्तीने मागणं त्यात बसतं.

दर मात्र पहिल्याच निरोपात लिहावा. काही गिऱ्हाइकं तिथेच गळतील. ती चौथ्या दिवशीही गळलीच असती, तीन डबे खाऊन.