गोंधळ नेमका कुठे?

तिमाही विक्रीचा अहवाल वाचून सहकारी मैत्रीण म्हणते, ‘आकडे बरोबर आहेत, पण वाचताना गोंधळ उडतो.’ आपण लगेच कारणं द्यायला लागलो की ती पुढचं सांगायचं थांबते. त्यापेक्षा म्हणावं, ‘सगळा अहवाल वाचलास, थँक्यू. गोंधळ कुठे उडाला, जिल्हावार तक्त्यात की खालच्या निष्कर्षात?’ आभार तिने घेतलेल्या कष्टांचे. तिचं म्हणणं पटलं की नाही, ते नंतर ठरवता येतं. प्रश्न मात्र एकच हवा. चार विचारले तर उलटतपासणी वाटते. ‘असं का वाटलं तुला?’ यात तर जाब विचारल्याचा सूर येतो, तो टाळावाच. ती सांगते, ‘तक्त्यात. गेल्या वर्षीचा रकाना यंदाच्या नंतर आलाय.’ मग रकान्यांची अदलाबदल केली की झालं. निष्कर्षाला हात लावायची गरज नाही.