आधी वाईट लिहा

भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचक प्राध्यापिकेचा प्रश्न आहे. विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून झाले, तक्ते तयार आहेत, संदर्भ वाचून झाले. पण प्रकरणाचा पहिला परिच्छेद काही केल्या उतरत नाही. लिहायला बसलं की कपाट आवरावंसं वाटतं. ‘मी आळशी आहे का?’ असं त्या विचारतात.

आळशी माणूस कपाट आवरत नाही, एवढं उत्तर खरं तर पुरे. पण मग हे आहे तरी काय? ‘तुम्ही परफेक्शनिस्ट आहात म्हणून काम लांबतं,’ हे ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात दोषाच्या नावाखाली थोडं कौतुकच असतं. गंमत म्हणजे पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये चालढकलीवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा परिपूर्णतेचा सोस आणि चालढकल यांचा फारसा संबंधच दिसला नाही. कोडं उलगडलं ते पुढे. फ्युशा सिरवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या सोसाचे दोन पदर वेगळे करून पाहिले. काम उत्तम व्हावं म्हणून धडपडणारी माणसं उलट कमी चालढकल करतात. ‘चूक झाली तर लोक काय म्हणतील’ या धास्तीत असणारी माणसं जास्त करतात. दोन्ही संबंध कमी ते मध्यम ताकदीचेच आहेत, पण त्यांच्या दिशा विरुद्ध आहेत. एकत्र मोजले की ते एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे अडचण उंच अपेक्षेची नाही, भीतीची आहे.

ही भीती टिकते कशी, ते कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाकडे पाहिलं की कळतं. कोपऱ्यावर कुत्रा दिसला की ते गल्ली बदलतं. छातीतली धडधड लगेच थांबते आणि गल्ली बदलण्याची सवय पक्की होते. शिवाय ‘तो कुत्रा चावला नसता’ हे कळण्याची संधी कधी येतच नाही, त्यामुळे रोजच्या सुटकेबरोबर कुत्रा मोठा होत जातो. उपाय म्हणून कोणी त्या मुलाला थेट कुत्र्याच्या पुढ्यात उभं करत नाही. आधी लांबून, साखळीला बांधलेला कुत्रा दाखवतात आणि धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबतात. लेखनातला बांधलेला कुत्रा म्हणजे मुद्दाम वाईट लिहिलेला, छोटासा, कोणालाही न दाखवायचा कच्चा खर्डा.

कच्च्या खर्ड्यांचा माझा लाडका वस्ताद म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धान्त त्याने पहिल्यांदा सलग मांडला तो १८४२ च्या उन्हाळ्यात. पेन्सिलने, हलक्या कागदावर, ३५ पानं. अक्षर अनेक जागी लागत नाही आणि कित्येक वाक्यांची नुसती शब्दांची माळ झाली आहे. पुढे १८४४ मध्ये त्याचाच दोनेकशे पानांचा निबंध झाला. ती पेन्सिलीची पानं जिन्याखालच्या कपाटात पडून होती. पत्नी एमाच्या निधनानंतर १८९६ मध्ये घर आवरताना ती सापडली. आत्मचरित्रात डार्विन आपली पद्धतही सांगतो. आधी तो वाक्य मनात घडवून मग लिहायचा. पुढे त्याला आढळलं की गिचमिड अक्षरात, निम्मे शब्द तोडून, पानंच्या पानं भराभर खरडायची आणि मग सावकाश सुधारायची, यात वेळ वाचतो. आणि अशी खरडलेली वाक्यं विचारपूर्वक लिहिलेल्या वाक्यांपेक्षा पुष्कळदा चांगली निघतात! (डार्विनने भीतीपोटी वीस वर्षं सिद्धान्त दडवला, ही कथा लोकप्रिय आहे. इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी ती पुराव्यानिशी खोडून काढली आहे. तो हातातली कामं क्रमाने संपवत होता. तेव्हा त्याला चालढकलवाल्यांच्या पंगतीत बसवू नये.)

प्रयोगाचं काय? रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एका गटाने निकडीचं सोडून काहीच लिहायचं नाही. दुसऱ्याने सुचेल तेव्हा लिहायचं. तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहायचंच, नाहीतर नावडत्या संस्थेला देणगीचा चेक जाणार. रोजची सरासरी पानं अनुक्रमे ०.२, ०.९ आणि ३.२ भरली. याहून मजेची गोष्ट म्हणजे नव्या कल्पना. सक्तीच्या गटाला साधारण रोज एक सुचली, स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांना दोन दिवसांनी एक, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी. मात्र २७ माणसं म्हणजे मूठभरच, आणि इथे पारख झाली ती नियमित लेखनाची, मुद्दाम वाईट लिहिण्याची नव्हे. ‘पंधरा मिनिटांत आयुष्य बदला’ छाप पुस्तकं हा फरक गिळून टाकतात.

आता प्राध्यापिकाबाईंच्या प्रकरणाकडे. विषय घ्यायचा तोही अख्खं प्रकरण नव्हे, एकच तक्ता. पाठकोरा कागद, पेन्सिल, पंधरा मिनिटांचा गजर. खोडायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, अडेल तिथे फुली मारून पुढे जायचं. खर्डा असा दिसायला हवा: ‘उन्हाळ्यात क्षार वाढतात. पाणी आटतं म्हणून? पण नाल्याकाठच्या विहिरींत उलटं, का? कालव्याचं पाणी झिरपतं? × × तपासणे. इथे तो जुना पेपर, नाव आठवत नाही. हे वाक्य भिकार आहे, पुढे.’ गजर झाला की थांबायचं, रंगात आलो असलो तरी.

या चार ओळींत काय झालं पाहा. वाक्यं टाकाऊ आहेत, पण ‘नाल्याकाठच्या विहिरींत उलटं का?’ हा प्रकरणाचा खरा प्रश्न कागदावर आला. तो डोक्यात होताच. पहिलं वाक्य झोकदार व्हावं या हट्टापायी दाराशी अडकला होता. दुसऱ्या दिवशी त्यातला एकच मुद्दा उचलून पूर्ण वाक्यात लिहायचा. भाषा, संदर्भ, शुद्धलेखन या सुधारणा वेगवेगळ्या बैठकींत. लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत आलं की तपासनीस जिंकतो.

बिघडतं कुठे? खर्डा स्वच्छ, वळणदार उतरला, तर समजावं की भीतीच लिहिते आहे. पंधरा मिनिटांचे ताणून दोन तास झाले, तर दुसऱ्या दिवशी बसणं जड जातं. आणि महिनाभर खर्डेच साचत राहिले, तर तीही चालढकलच, फक्त कागदावरची. म्हणून चार-पाच खर्ड्यांनंतर एक पान, फुल्यांसकट, विश्वासातल्या सहकाऱ्याला दाखवावं. लोक काय म्हणतील ही भीती लोकांना दाखवल्याशिवाय जात नाही.

अर्थात हा उपाय भीतीवर आहे. नैराश्य असेल, झोप उडाली असेल किंवा कोणत्याच कामात लक्ष टिकत नसेल, तर पेन्सिल ठेवून डॉक्टरांना गाठावं. बाकीच्यांनी कपाट तसंच राहू द्यावं आणि आज एक वाईट पान लिहावं.