तीन चुका आणि चौदा पावलं

सभासदांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका साइटवर एका काकूंची तक्रार आली होती. "पासवर्ड टाकताना मी एकदाच चुकले. मग बरोबर टाकला, तरी घेईना. फोन केला तर म्हणे खातं लॉक झालंय. तीनदा चुकलं तरच लॉक होतं असं तुम्हीच लिहिलंय ना?"

साइट तपासणाऱ्यांमध्ये मी होतो. आम्ही टेस्ट केसची यादी पुन्हा उघडली. बरोबर पासवर्ड दिला की आत जाता येतं, पास. एकदा चुकून मग बरोबर दिला, तरी जाता येतं, पास. दोनदा चुकून बरोबर, पास. तीनदा चुकलं की लॉक, पास. लॉक असताना बरोबर पासवर्डही चालत नाही, पास. पंधरा मिनिटांनी लॉक उघडतं, तेही पास. यादीत खोट सापडेना आणि काकूंच्या बोलण्यातही सापडेना.

नोंदी चाळल्यावर उलगडा झाला. काकू सोमवारी एकदा चुकल्या होत्या आणि दुसऱ्या प्रयत्नात आत गेल्या होत्या. बुधवारीही तेच झालं. शनिवारी त्या पुन्हा एकदा चुकल्या. यशस्वी लॉगिननंतर चुकांचा आकडा शून्यावर यायला हवा होता, तो येतच नव्हता. साइटच्या हिशेबी ती तिसरी चूक होती.

आमच्या सहाही केस प्रामाणिकपणे पास झाल्या होत्या, कारण प्रत्येक केस आम्ही नव्याकोऱ्या खात्यावर चालवत होतो. दोष कुठल्याच केसच्या आत नव्हता. तो दोन केसच्या सांध्यात होता. आणि सांधे हाताने लिहिलेल्या यादीत सहसा येत नाहीत, कारण माणूस यादी करतो तेव्हा एकेक गोष्ट सुटी करूनच विचार करतो.

'मॉडेल-बेस्ड टेस्टिंग' नावाची पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. तिच्यात टेस्ट केस लिहायच्या नसतात. प्रणाली कोणकोणत्या अवस्थांत असू शकते आणि कशामुळे एकीतून दुसरीत जाते, याचं चित्र काढायचं असतं. त्या चित्रावरून चालण्याचे मार्ग संगणक काढतो.

आमच्या लॉगिनचं चित्र अगदी छोटं आहे. अवस्था पाच: चूक झालेली नाही, एक चूक, दोन चुका, लॉक आणि आत. त्यांना जोडणारे बाण नऊ.

```
शून्य --बरोबर--> आत
शून्य --चूक--> एक
एक --बरोबर--> आत
एक --चूक--> दोन
दोन --बरोबर--> आत
दोन --चूक--> लॉक
लॉक --बरोबर--> लॉक
लॉक --१५ मिनिटं--> शून्य
आत --लॉगआउट--> शून्य
```

शेवटची ओळ पाहा. लॉगआउटचा बाण 'शून्य'वर येतो, म्हणजे जुन्या चुका माफ. हा नियम आमच्या यादीत कुठेच लिहिलेला नव्हता, सगळ्यांनी तो गृहीत धरला होता. चित्र काढताना मात्र बाणाचं टोक कुठेतरी टेकवावंच लागतं.

आता मार्ग. प्रत्येक अवस्थेला एकदा भेट द्यायची एवढंच ठरवलं, तर पाच पावलांत काम उरकतं: बरोबर, लॉगआउट, चूक, चूक, चूक. पण त्यात नऊपैकी चार बाण कोरे राहतात, म्हणून ही अट अगदीच लेचीपेची. निदान प्रत्येक बाण एकदा तरी चालायला हवा. नऊ बाण म्हणजे नऊ पावलं, असं वाटेल. पण तसं जमत नाही.

हे कोडं जुनं आहे. क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाऊन फिरणं शक्य नाही, हे ऑयलरने 1736 मध्ये दाखवलं. पूल पुन्हा ओलांडावे लागणारच असतील, तर कमीत कमी किती चालावं लागेल, हा पुढचा प्रश्न 1960 मध्ये क्वान मेई-को या चिनी गणितज्ञाने मांडला. पोस्टमनने प्रत्येक गल्लीत टपाल टाकून कमीत कमी पायपिटीत परत यायचं, असं त्याचं रूप. म्हणून गणितात त्याला 'चायनीज पोस्टमन प्रॉब्लेम' म्हणतात.

आमच्या चित्रातले सगळे रस्ते एकेरी आहेत, त्यामुळे हिशेब येण्याजाण्याचा. 'आत'मध्ये तीन बाण येतात, बाहेर मात्र एकच पडतो. म्हणजे तीनदा आत गेलात की लॉगआउटच्या बाणावरून तीनदा चालावं लागणार, दोन पावलं जादा. 'एक'मध्ये एकच बाण येतो आणि दोन बाहेर पडतात, 'दोन'चंही तसंच. ही भरपाई करताना शून्यावरची चूक तीनदा आणि एकावरची चूक दोनदा करावी लागते, म्हणजे आणखी तीन पावलं. नऊ अधिक पाच, चौदा. यापेक्षा कमी पावलांत सगळे बाण चालून शून्यावर परत येता येत नाही.

ही चौदा पावलं चार फेऱ्यांत पडतात. सरळ फेरी: बरोबर, लॉगआउट. एका चुकीची फेरी: चूक, बरोबर, लॉगआउट. दोन चुकांची: चूक, चूक, बरोबर, लॉगआउट. आणि लॉकची: चूक, चूक, चूक, बरोबर पासवर्ड नाकारला जाणं, मग पंधरा मिनिटं. (खरोखर पंधरा मिनिटं कुणी बसत नाही, टेस्टच्या सर्व्हरवर घड्याळ पुढे ढकलता येईल अशी सोय ठेवतात.)

हे सगळं एकाच खात्यावर सलग चालवायचं. काकूंचा दोष पकडला जातो का, ते पाहू. समजा क्रम असा आहे: लॉक, दोन चुका, एक चूक, सरळ. लॉकची फेरी ठीक जाते, आकडा शून्यावर येतो. दोन चुकांची फेरीही ठीक, पण आकडा दोनवरच राहतो. तिसऱ्या फेरीत पहिल्याच चुकीला आकडा तीन होतो आणि पुढचा बरोबर पासवर्ड नाकारला जातो. मॉडेल म्हणतं 'आत', साइट म्हणते 'नाही'. अकराव्या पावलावर दोष हाती लागला.

इथे टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं, पण थांबा. पोस्टमनचं गणित चारपैकी कोणती फेरी आधी हे सांगत नाही. चार फेऱ्यांचे 24 क्रम होतात आणि सगळ्यांची लांबी चौदाच. आता हा क्रम घ्या: एक चूक, लॉक, दोन चुका, सरळ. पहिल्या फेरीनंतर आकडा एकवर राहतो. लॉकच्या फेरीत खातं तिसऱ्याऐवजी दुसऱ्या चुकीला लॉक होतं. आपण तिसरी चूक करतोच, मग बरोबर पासवर्ड देतो, तो अपेक्षेप्रमाणे नाकारला जातो. पंधरा मिनिटांनी आकडा शून्यावर येतो आणि पुढच्या दोन्ही फेऱ्या सुरळीत पार पडतात. चौदाही पावलं हिरवी, नऊही बाण चाललेले आणि दोष जागच्या जागी.

तो दिसला का नाही? कारण आमच्या साइटवर चूक झाली काय किंवा खातं लॉक असलं काय, संदेश एकच येतो: 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' हे सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं. खातं कोणत्या स्थितीत आहे ते भुरट्याला कळू नये. पण जे भुरट्याला कळत नाही ते टेस्टरलाही कळत नाही. साइट 'दोन'वर आहे की 'लॉक'मध्ये, हे पडद्यावरून ओळखता येत नाही. मी कागदावर 24 क्रम मांडून पाहिले. लॉकची फेरी एका चुकीच्या आणि दोन चुकांच्या फेरीच्या मधे कुठेही आली की दोष निसटतो, आणि असे क्रम आठ आहेत. तीनातला एक क्रम आंधळा. सगळे बाण चालून झाले, हा आकडा पुरेसा मानणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

उपाय ठाऊक आहे, आणि तोही जुना आहे. टी. एस. चाऊ यांनी 1978 च्या निबंधात अशा चित्रांवरून चाचण्या काढण्याची रीत मांडली. बाण चाललात की आपण खरंच अपेक्षित ठिकाणी पोचलो का, याची खूण पटवून घ्यायची, असा तिचा गाभा. अवस्था डोळ्यांनी दिसत नसेल, तर तिला असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर दुसरी कोणतीही अवस्था तसंच देणार नाही. आमच्या 'शून्य'साठी असा प्रश्न आहे: चूक, चूक, बरोबर. आकडा खरंच शून्यावर असेल तरच यातून आत जाता येतं. एक किंवा दोनवर अडकला असेल तर दार उघडत नाही. चारही फेऱ्यांच्या शेवटी ही तीन पावलं जोडली आणि प्रत्येक फेरी नव्या खात्यावर चालवली, तर एकूण 26 पावलं होतात. मग क्रमाचा प्रश्नच उरत नाही. तपासणीने अवस्था बदलते, म्हणून प्रत्येक वेळी नवं खातं लागतं, एवढाच खर्च.

प्रत्यक्षात पुष्कळ जण हे गणित न करता यदृच्छेने चालतात. 'ग्राफवॉकर' या मोफत साधनाला चित्र दिलं आणि `random(edge_coverage(100))` असं सांगितलं, की प्रत्येक बाण एकदा चालून होईपर्यंत ते वाटेल तसं भटकत राहतं. त्यात वाया जाणारी पावलं असतात. दर वळणावर नाणं उडवल्यासारखी निवड असेल, तर शून्यावरून निघून सलग तीन चुका करत लॉकपर्यंत जाण्याची शक्यता आठात एक. पण याच भटकण्यामुळे फेऱ्या वारंवार आणि उलटसुलट क्रमाने येतात आणि सांध्यातले दोष उघडे पडतात. मला विचाराल तर रोज रात्री चालणाऱ्या तपासणीला भटकंती बरी आणि कोड बदलल्यावर लगेच करायच्या तपासणीला पोस्टमन बरा.

मर्यादा मात्र चित्राचीच असते. आमच्या चित्रात एकच खिडकी आहे. एकाच खात्यावर दोन ब्राउझर धरले, तर चुकांच्या चार स्थिती आणि प्रत्येक ब्राउझर आत की बाहेर, अशा सोळापर्यंत अवस्था होतात. तिसऱ्या ब्राउझरला बत्तीस. सगळंच चित्रात घालायला गेलं की चित्र वाचवत नाही. शिवाय चित्रात बाण चुकीचा काढला असेल, तर संगणक त्या चुकीचीच इमानाने तपासणी करतो. दोन ब्राउझरचं चित्र काढायला बसलो तेव्हा पहिल्याच बाणाला अडलो: एका ब्राउझरवर माणूस आत बसलेला असताना दुसऱ्यावर तीन चुका झाल्या, तर आतल्याला बाहेर काढायचं का? नियम लिहिणाऱ्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. बैठक घेऊन ठरवावं लागलं.

काकूंच्या दोषाची दुरुस्ती एका ओळीची होती. यशस्वी लॉगिनच्या फांदीत `failed_count = 0` एवढं लिहायचं राहून गेलं होतं.