शिकण्याचा वेग कोण ठरवतं?

विमानाच्या शेपटीवरचा एलिव्हेटर एक अंश हलवला, तर नाक किती वर उचललं जाईल? याचं उत्तर विमानाच्या वेगावर अवलंबून असतं. वेग सुमारे 1.4 पट झाला की हवेचा दाब दुप्पट होतो आणि तेवढ्याच हालचालीला जवळपास दुप्पट प्रतिसाद मिळतो. उंची वाढून हवा विरळ झाली की तोच प्रतिसाद मंदावतो. हालचाल आणि प्रतिसाद यांच्या या गुणोत्तराला अभियंते ‘गेन’ म्हणतात. 1950च्या दशकात जेट विमानांचा वेग आणि उंची झपाट्याने वाढली, तशी एका गेनवर बेतलेल्या ऑटोपायलटची पंचाईत होऊ लागली.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत एच. पी. व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958च्या सुमारास यावर तोडगा सुचवला. विमानाने कसं वागावं याचं एक गणिती मॉडेल तयार करायचं आणि वैमानिकाची आज्ञा विमानाला व मॉडेलला एकाच वेळी द्यायची. दोघांच्या प्रतिसादात जो फरक पडेल, त्यावरून कंट्रोलरने स्वतःला सुधारायचं. ही झाली मॉडेल रेफरन्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलची पद्धत.

सुधारायचं म्हणजे नेमकं काय? सगळ्यात साधा कंट्रोलर आज्ञेला एका आकड्याने गुणून पुढे पाठवतो. या आकड्याला θ म्हणू. विमानाचा प्रतिसाद y, मॉडेलचा ym आणि फरक e = y − ym. e चा वर्ग ही चूक मोजण्याची पट्टी. डोळे बांधलेला माणूस पायाखालचा उतार चाचपत दरीच्या तळाकडे सरकतो, तसा θ ही चूक ज्या दिशेला कमी होते तिकडे थोडाथोडा सरकवायचा. फक्त गेन बदलत असेल, तर हिशेब करून सुटसुटीत नियम हाती येतो. तो ‘एमआयटी रूल’ या नावाने ओळखला जातो:

```
dθ/dt = −γ · e · ym
```

यातला γ म्हणजे शिकण्याचा वेग. तो अभियंता निवडतो.

एक उदाहरण करून पाहू. मॉडेलचा गेन 1 आहे. विमानाचाही 1 होता, म्हणून θ = 1 बरोबर होता. आता वेग वाढून विमानाचा गेन 2 झाला. आज्ञा 1 आणि γ = 0.1 धरू. प्रतिसाद स्थिरावल्यावर y = 2, ym = 1, म्हणून e = 1. नियमाप्रमाणे θ सेकंदाला 0.1 या वेगाने उतरू लागतो. तो 0.8 झाला की e = 0.6 उरतो आणि उतरण्याचा वेगही 0.06 वर येतो. शेवटी θ 0.5 पाशी थांबतो. गेन दुप्पट झाला, गुणक निम्मा झाला, हिशेब जुळला.

आता आज्ञा 1 ऐवजी 3 देऊ. e तिप्पट होतो, ym सुद्धा तिप्पट, म्हणजे θ सरकण्याचा वेग नऊपट! γ ला कोणी हात लावलेला नाही, तरीही. विमानाची यंत्रणा 1/(s²+s+1) अशी असेल, तर स्थिर आज्ञेसाठी γ × गेन × आज्ञेचा वर्ग हा गुणाकार 1 च्या खाली राहायला हवा. आज्ञा 3 असताना गेन 1 असेल तर तो 0.9 येतो, कसाबसा निभाव लागतो. गेन 2 झाला की 1.8. विमानाचा प्रतिसाद उशिरा येतो, तोवर θ पुढे निघून गेलेला असतो. मग तो उलट फिरतो आणि पुन्हा हद्द ओलांडतो. आलेखावर θ च्या लाटा कमी होण्याऐवजी मोठ्या होताना दिसल्या, की समजायचं काम बिघडलं.

याची उलटी बाजूही आहे. आज्ञा शून्य असेल तर ym शून्य आणि θ जागचा हलत नाही. विमान नाकासमोर सरळ उडत असताना गेन बदलत गेला, तरी कंट्रोलरला त्याचा पत्ता लागत नाही. पुढची आज्ञा येते तेव्हा पहिला प्रतिसाद जुन्याच θ ने दिला जातो.

मोठ्या आज्ञेवर उपाय सोपा आहे. उजव्या बाजूला α + ym² ने भागायचं; α हा छोटा आकडा ym शून्य असताना भागाकार अडू नये म्हणून. आता आज्ञा कितीही मोठी असो, वरच्या उदाहरणातला गुणाकार 0.2 च्या पुढे जात नाही.

1966 मध्ये पी. सी. पार्क्स यांनी वेगळी वाट धरली. लियापुनोव्हच्या स्थैर्य सिद्धान्तावरून त्यांनी असा नियम काढला की ज्यात स्थैर्य आधीच सिद्ध होतं. साध्या पहिल्या श्रेणीच्या यंत्रणेत त्यासाठी ym च्या जागी थेट आज्ञा घालावी लागते. वरच्या विमानाला मात्र ही हमी लागू होत नाही. त्याचा प्रतिसाद 90 अंशांहून जास्त मागे पडतो. शिवाय आज्ञा स्थिर असली की इथे ym आणि आज्ञा सारखेच होतात. म्हणून आज्ञा 3 आणि गेन 2 असताना पार्क्स यांचा हा नियमही तसाच हेलकावतो. अशा यंत्रणेत γ लहान ठेवणं किंवा वरचा भागाकार करणं भाग पडतं, आणि गेन फार झपाट्याने बदलत असेल तर θ मागे राहणार हे धरूनच चालावं लागतं.