नुसतं ‘मरून’ लिहू नका : एआयच्या चित्रात आपल्या पाकिटाचा रंग कसा टिकवायचा?

खंडाळा : लोणंदचा कांदा वापरून एखाद्या बचत गटाने कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट काढलं आहे, असं समजा. पाकीट गडद मरून, कडेला हळदीसारखी पिवळी पट्टी. दिवाळीच्या जाहिरातीसाठी गटातल्या कुणीतरी मोबाईलवर एआयकडून चित्र करून घेतलं आणि व्हॉट्सअॅपवर टाकलं. चित्र झकास, पण पाकीट लालभडक. लगेच एका जुन्या गिऱ्हाईकाचा मेसेज : “हे तुमचंच आहे का दुसऱ्या कुणाचं?” रंग बदलला की माल बदलला असं माणसाला वाटतं. दुकानात तो पाकीट नावापेक्षा रंगावरून ओळखतो.

रंगाच्या दुकानात आपण हा घोळ होऊ देत नाही. एशियन पेंट्सचा कारखाना आपल्याच तालुक्यात आहे. त्यामुळे भिंत रंगवताना शेडकार्ड बघून नंबर सांगायचा, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. ‘पिवळा द्या’ म्हटलं तर दुकानदारच विचारतो, कुठला पिवळा? एआय मात्र विचारत नाही, त्याला वाटेल तो पिवळा देऊन मोकळा होतो.

म्हणून आधी आपल्या रंगाचा नंबर माहीत करून घ्या. पाकिटाचं डिझाईन ज्याने केलं, त्याच्याकडे तो असतोच. स्क्रीनवरच्या रंगाला सहा अक्षरांचा कोड असतो. आपल्या मरूनचा कोड `#7A1F2B` आहे असं धरू. यातली पहिली दोन अक्षरं लाल किती ते सांगतात, मधली दोन हिरवा आणि शेवटची दोन निळा. प्रत्येकाचं माप ० ते २५५. या हिशेबाने आपल्या रंगात लाल १२२, हिरवा ३१ आणि निळा ४३ आहे. पिवळ्या पट्टीचा कोड `#E0A526` धरू.

आता कुणी म्हणेल, कोड टाकला की झालं! तिथेच गफलत होते. चित्र काढणारं एआय डब्यातून मोजून रंग ओतत नाही. ते असंख्य फोटो आणि त्यांच्याखाली लिहिलेले शब्द यांवरून शिकलेलं असतं. फोटोखाली कोड क्वचितच कुणी लिहितं, शब्द मात्र सगळेच लिहितात. त्यामुळे कोडने थोडी दिशा मिळते, खरं काम शब्दच करतात. कोडही द्या आणि शब्दही.

हे शब्द इंग्रजीत लिहिलेले बरे, कारण ही अॅप बहुतेक इंग्रजीतूनच शिकलेली आहेत. नेहमी अशी सूचना लिहिली जाते :

```
Maroon masala packet on a wooden table,
turmeric yellow border, evening light
```

यात तीन चुका आहेत. नुसत्या ‘मरून’मध्ये विटकरीपासून डाळिंबीपर्यंत काहीही बसतं. दुसरी चूक गमतीची आहे. ‘टर्मरिक’ म्हणजे हळद, म्हणून पट्टी पिवळी होण्याऐवजी पाकिटाशेजारी हळकुंडं येऊन बसतात. आपल्याकडे डाळिंबी, आमसुली, मोरपंखी अशी रंगांची सुरेख नावं आहेत. साडीच्या दुकानात ती एकदम नेमकी असतात. पण तीच इंग्रजीत करून घातली, की चित्रात डाळिंब फुटतं किंवा मोर नाचतो. तिसरी चूक संध्याकाळच्या उजेडाची. तो सगळ्यावर केशरी झाक चढवतो. मग मरून लालसर दिसतो आणि पांढरा पिवळट.

रंग सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात : गडद का फिका, भडक का दबलेला, आणि कुठल्या रंगाकडे झुकलेला. आपला मरून गडद आहे, दबलेला आहे आणि किंचित निळ्याकडे झुकतो. विटकरी रंग केशरीकडे झुकतो, फरक तो एवढाच. मग सूचना अशी होते :

```
Matte packet, flat even colour: dark wine maroon,
muted, leaning slightly blue (#7A1F2B).
Narrow border: warm mustard yellow (#E0A526).
Plain off-white background, soft neutral daylight.
```

‘मस्टर्ड यलो’ म्हणजे मोहरीचा पिवळा, म्हणजे हीसुद्धा वस्तूच. पण कपड्यांच्या बाजारात हे रंगाचं नाव म्हणून इतकं रुळलंय की मोहरी सहसा येत नाही. ‘मॅट’ मुद्दाम घातलंय. चकचकीत पाकिटावर उजेडाचे पांढरे पट्टे पडतात आणि एकाच पाकिटात चार रंग दिसतात. ‘लाल नको’ असं मात्र लिहू नका. बऱ्याच अॅपना ‘नको’ नीट कळत नाही, ‘लाल’ तेवढा उचलतात. हवं तेच सांगावं.

चित्र आलं की डोळ्यावर भरवसा नको. मोबाईलचा रात्रीचा पिवळसर उजेड आधी बंद करा. मग फोटो एडिटिंगच्या अॅपमधलं रंग उचलायचं थेंबाचं चिन्ह घ्या आणि पाकिटावर मधल्या, ना उजेड ना सावली अशा जागी टेकवा. समजा कोड आला `#A3262E`. म्हणजे लाल १६३, हिरवा ३८, निळा ४६. हिरवा-निळा जवळपास तेच, पण लाल ४१ने वाढलाय. रंगाची जात बरोबर आहे, फक्त तो उजळ आणि भडक झालाय. म्हणून ‘डार्क’च्या जागी ‘व्हेरी डार्क’ करायचं, बाकी शब्दाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच शब्द बदलला तर कशाने काय झालं ते कळतं. उलट हिरवा वाढला असता तर रंग विटकरीकडे गेलाय असं समजायचं आणि झुकाव दुरुस्त करायचा. जमलेलं वाक्य नोट्समध्ये ठेवा. पुढच्या सणाला देखावा बदला, रंगाचं वाक्य जसंच्या तसं चिकटवा.

रंगाच्या शब्दांवर कोर्टात भांडणंही झाली आहेत. कॅडबरीचा जांभळा सगळ्यांना ठाऊक आहे. छपाईच्या भाषेत त्याचा नंबर पँटोन २६८५ सी. त्यावर इंग्लंडमध्ये नेस्लेशी वाद झाला आणि २०१३ मध्ये तिथल्या अपील कोर्टात कॅडबरी हरली. नंबर अर्जात होताच, पण तो रंग पाकिटावर कसा आणि किती असेल याचं वर्णन कोर्टाला पुरेसं नेमकं वाटलं नाही.

एवढं करूनही रंग तंतोतंत जुळेल असं नाही. तीच सूचना दुसऱ्यांदा दिली तरी थोडा फरक पडतोच. आमचं मत विचाराल तर पाकीट एआयकडून काढूनच घेऊ नका. खऱ्या पाकिटाचा दिवसाउजेडी, सावलीत फोटो काढा आणि एआयकडून फक्त मागचा देखावा घ्या. त्यावर पाकीट एडिटिंग अॅपने बसवा. नाव आणि लोगोही असेच वरून चिकटवा, कारण मराठी अक्षरांची जोडाक्षरं एआय अजूनही बऱ्याचदा मोडून टाकतं. देखाव्यातल्या पणत्या, कापड, रांगोळी यांना वरचं रंगाचं वाक्य लावलं की ते पाकिटाशी जुळून येतं, आणि तिथे उन्नीस-बीस झालं तरी गिऱ्हाईक अडत नाही.

फ्लेक्स छापायचा असेल तर आणखी एक. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, प्रेस शाईने. मोबाईलवरचा पिवळा कापडावर मळकट उतरू शकतो. पूर्ण फ्लेक्सची ऑर्डर द्यायच्या आधी वीतभर तुकडा छापून मागा आणि खरं पाकीट त्याच्या शेजारी धरून बघा.